रात्रभर भिजवूनही खारटच: सुक्या मासळीचं मीठ आणि वास निघत नसेल तर

भाचीने महिन्याभरात तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तक्रार सुक्या मासळीचीच. पहिल्यांदा म्हणाली, "मावशी, खारा बांगडा रात्रभर भिजवला, तरी एक घास खाल्ला की पाणी प्यावं लागतंय." दुसऱ्यांदा तिने उकळतं पाणी ओतून पाहिलं. मासा वरून भुगा झाला, आत तसाच खारट राहिला आणि घरभर वास सुटला. तिसऱ्यांदा तिने सोडे आणले आणि आधीच्या अनुभवाने घाबरून तेही चार तास पाण्यात ठेवले. खारट अजिबात लागले नाहीत, पण चवीला कापूस चावल्यासारखे. "मी करतेय तरी काय चुकीचं?" असा तिचा शेवटचा प्रश्न होता.

तिचं चुकत होतं ते एकाच ठिकाणी. "सुकी मासळी भिजवायची" एवढंच तिने डोक्यात घेतलं होतं. कशासाठी भिजवायची, किती पाण्यात, कुठपर्यंत, हे प्रश्न तिने विचारलेच नव्हते. फोनवर तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हीच अडचण मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळते.

आधी ओळखा: खारवलेली की नुसती वाळवलेली

सुकी मासळी दोन जातींची असते. एक मीठ लावून वाळवलेली: खारा बांगडा, खारी सुरमई, मोठ्या माशांचे खारवलेले तुकडे. दुसरी मीठ न लावता किंवा अगदी नावापुरतं मीठ लावून उन्हात वाळवलेली. बोंबील, जवळा, सुकट, सोडे बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीचे असतात. "बहुतेक वेळा" म्हणते, कारण काही जण सोडेही मिठाच्या पाण्यात उकळून मग वाळवतात. म्हणून नावावर विसंबू नये, हातात घेऊन बघावं.

खारवलेल्या मासळीवर पांढरे कण दिसतात. बोटाने चोळले की ते खरखरीत लागतात, पाण्याचा थेंब टाकला की विरघळतात. मासा वजनाला जड, वाकवला तर थोडा वाकतो, हाताला किंचित दमट लागतो. मीठ न लावलेली मासळी हलकी, कडक, वाकवली की कडकन तुटणारी असते. तरी शंका राहिली तर एक लहानसा तुकडा तव्यावर नीट भाजून जिभेवर ठेवायचा. दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

हे ओळखणं इतकं महत्त्वाचं का? खारवलेल्या माशाला आपण मीठ काढण्यासाठी भिजवतो, तर नुसत्या वाळवलेल्या मासळीला फक्त मऊ करण्यासाठी आणि धूळ-रेती काढण्यासाठी. माशाची गोडी ज्या घटकांत असते तेही पाण्यात विरघळणारेच असतात. ज्यात काढायला मीठच नाही त्याला तासन्‌तास पाण्यात ठेवलं, तर मिठाऐवजी चव निघून जाते. भाचीच्या सोड्यांचं तेच झालं. ते भिजवलेलं पाणी तिने ओतून दिलं आणि सगळी चव त्या पाण्याबरोबर गेली.

रात्रभर ठेवूनही मीठ का निघालं नाही

आता खाऱ्या बांगड्याकडे येते. मी तिला विचारलं, "पाणी किती घेतलं होतंस?" म्हणाली, "मासा बुडेल एवढं. वाडगाभर." पाणी बदललं होतं का? नाही. गोम इथेच होती.

मीठ माशातून पाण्यात जातं ते फक्त दोन्हीकडचा खारटपणा सारखा होईपर्यंत. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं खारट झालं की पुढे काही घडत नाही. मग आठ तास ठेवा नाहीतर अठरा तास. म्हणजे वेळ एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतो, त्यानंतर सगळं पाण्याच्या प्रमाणावर ठरतं.

हिशेब करून बघू. समजा खाऱ्या माशाचे तुकडे २०० ग्रॅम आहेत आणि त्यात ३० ग्रॅम मीठ आहे. चांगल्या खारवलेल्या माशात एवढं मीठ असू शकतं. भिजून फुगल्यावर तुकड्यांच्या आत साधारण २०० मिलिलिटर पाणी मावतं असं धरा. भाचीने बाहेर पाव लिटर पाणी घेतलं होतं. आतलं-बाहेरचं मिळून ४५० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ सारखं पसरलं, तर माशाच्या वाट्याला जवळपास १३ ग्रॅम उरतं. तो मासा खारटच लागणार, रात्रभर ठेवला तरी.

तेच तुकडे एक लिटर पाण्यात ठेवले तर माशात ५ ग्रॅम उरतं. ते पाणी फेकून पुन्हा एक लिटर ताजं पाणी घेतलं तर उरतं १ ग्रॅमपेक्षाही कमी. आणि दोन्ही लिटर एकदमच ओतले असते, पाणी न बदलता? मग उरलं असतं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पाणी तेवढंच, पण दोन हप्त्यांत दिलं की माशात उरणारं मीठ जवळपास एक तृतीयांशावर येतं. म्हणून "पाणी बदला" हे सांगणं नुसतं स्वच्छतेपुरतं नाही.

ह्या हिशेबात प्रत्येक वेळी खारटपणा पूर्ण सारखा होईपर्यंत थांबलो असं धरलंय. प्रत्यक्षात आपण अर्ध्या तासाने पाणी बदलतो, तेव्हा आतलं मीठ पूर्ण बाहेर आलेलं नसतं. ते चांगलंच आहे, कारण सगळं मीठ काढायचं नसतंच. माशाला थोडा खारटपणा राहिला तरच तो चवीला लागतो. अगदी अळणी झालेला खारा मासा वरून मीठ घालूनही सुधारत नाही, कारण ते मीठ आतपर्यंत पोचत नाही.

२०० ग्रॅम खाऱ्या बांगड्याचं, जसं मी करते तसं

आधी कोरडी साफसफाई. कात्रीने पर, शेपूट आणि डोकं काढते. डोक्याबरोबर कल्ले निघायलाच हवेत, कारण वास धरून ठेवणारा हा सगळ्यात वाईट भाग असतो. पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा आणि कण्याला चिकटून वाळलेलं रक्त सुरीच्या टोकाने खरवडते. पोटाच्या कडा पिवळट-तांबूस झाल्या असतील तर तेवढी पट्टी कापून टाकते. त्याचं कारण वासाच्या भागात सांगते. मग आडवे, दोन बोटं रुंदीचे तुकडे करते. अख्खा मासा भिजवला तर मिठाला बाहेर पडायला फार लांबून यावं लागतं आणि कातडीतून ते सहज निघत नाही. कापलेल्या बाजूंनी लवकर निघतं.

तुकडे नळाखाली धरून हाताने चोळून धुते. अर्ध्या मिनिटाचं काम. पृष्ठभागावरचं सुटं मीठ इथेच जातं. ते धुतलं नाही तर पहिलं पाणी लगेच खारट होऊन जातं आणि त्याचा उपयोग कमी होतो.

मग स्टीलच्या पातेल्यात एक लिटर साधं, गार पाणी. एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली: मिठाचं पाणी जड असतं, ते तळाशी जाऊन बसतं. तुकडे तळाला पडलेले असतील तर ते त्या खाऱ्या थरातच लोळत राहतात आणि वरचं पाणी मात्र जवळजवळ गोडंच राहतं. म्हणून पातेल्यात एखादी चाळणी किंवा जाळी ठेवून त्यावर तुकडे ठेवते, कातडी वर आणि मांस खाली. निघालेलं मीठ खाली उतरून जातं, तुकड्यांभोवती ताजं पाणी येत राहतं. जाळी नसेल तर दर दहा मिनिटांनी हात घालून तुकडे हलवावेत. दोन्ही नाही केलं, तर तासाभराने वरचं पाणी चाखून "मीठ निघालंच नाही" असं वाटतं.

अर्ध्या तासाने पाणी फेकते, दुसरं लिटर घालते. आणखी अर्ध्या तासाने परीक्षा. सगळ्यात जाड तुकडा घ्यायचा, पाठीकडचा. मधोमध मोडून आतल्या भागातला बोटाच्या पेराएवढा तंतू काढायचा, तो तव्यावर किंवा चमचाभर उकळत्या पाण्यात मिनिटभर शिजवायचा आणि मग चाखायचा. वरचा पापुद्रा चाखला तर फसगत होते, तो आधीच अळणी झालेला असतो. गेल्या वेळी माझा तुकडा एका तासाने अजून करकरीत खारट होता, म्हणून तिसरं पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटं ठेवला. एकूण दीड तासाच्या आत काम झालं. तुकडे बोटाने दाबल्यावर लवचीक लागत होते, पण मोडत नव्हते.

कुठे थांबायचं हे पुढे काय करणार त्यावर ठरतं, आणि इथे बऱ्याच जणांचा अंदाज उलटा असतो. कालवण करायचं असेल तर तुकडे किंचित जास्त खारट असतानाच थांबावं, कारण शिजताना उरलेलं मीठ रश्शात उतरतं. रश्शाला वेगळं मीठ घालायचंच नाही, शेवटी चाखून लागलं तरच. तळायचं किंवा भाजायचं असेल तर उलट. तिथे पाणी उडून जातं, मीठ आत राहतं, म्हणून तुकडा तळल्यावर आधीपेक्षा जास्त खारट लागतो. तळण्यासाठी आणखी एक पाणी बदलावं.

जाडीचं गणित सरळ नसतं. जाडी दुप्पट झाली की मीठ मध्यापासून बाहेर यायला दुप्पट नाही, जवळपास चौपट वेळ लागतो. बांगड्याच्या तुकड्याला दीड तास लागला म्हणून त्याच्या दुप्पट जाडीच्या सुरमईच्या तुकड्याला तीन तास पुरतील असं समजू नका, सहा तास लागू शकतात. एवढा वेळ मासा ओट्यावर उघडा ठेवायचा नाही. मीठ हेच त्याला टिकवणारं होतं आणि आपण तेच काढतोय. दोन तासांहून जास्त भिजवायचं असेल, किंवा हवा फार गरम असेल, तर पातेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. गारव्यात मीठ जरा हळू निघतं, तेवढा वेळ जास्त धरावा. भिजवून झालेला मासा आता ताज्या माशासारखाच नाजूक असतो. त्याच दिवशी शिजवावा, फार तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी.

उकळत्या पाण्याचा घोटाळा

उकळतं पाणी ओतलं की माशाचा वरचा थर लगेच शिजतो आणि आकसतो. तो दोऱ्या-दोऱ्यांनी सुटू लागतो, आत मात्र कोरडा, घट्ट, खारट गाभा तसाच राहतो. शिवाय कातडीखालची चरबी वितळून पाण्यावर तरंगते आणि तुकडे बाहेर काढताना सगळ्यांना पुन्हा माखते. त्याच वेळी वाफेबरोबर वास घरभर जातो. भाचीच्या दुसऱ्या प्रयत्नात हे सगळं एकदमच घडलं.

कोमट पाण्याबद्दल मला नेहमी विचारतात. हाताला जेमतेम उबदार वाटेल असं पाणी गार पाण्यापेक्षा थोडं लवकर काम करतं आणि अर्ध्या तासापुरतं ते चालतं. जास्त वेळासाठी नको, कारण त्याच उबेत जंतूही वाढतात. मीठ काढायला खरी मदत होते ती लहान तुकड्यांची आणि पाणी बदलण्याची.

वास: हे दोन वेगळे वास आहेत

वासाबद्दल तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारते, कसला वास? माशाचा उग्र वास, नाकात चढणारा, की जुन्या तेलासारखा, रंगाच्या डब्यासारखा? हे दोन वास वेगळ्या कारणांनी येतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की "लिंबू लावूनही वास गेला नाही" असं म्हणायची वेळ येते.

पहिला वास समुद्रातल्या मासळीचा नेहमीचा. समुद्री माशांच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जंतू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइल अमाइन नावाच्या वायूसारख्या उडणाऱ्या पदार्थात करतात. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे भिजवताना बराचसा निघून जातो. उरलेल्यावर आंबट पदार्थ काम करतो: आंबटाशी संयोग झाला की तो उडायचा थांबतो आणि नाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून चिंच, लिंबू, कोकम किंवा व्हिनेगर मासळीला लावतात.

पण आंबट कधी लावायचं? मीठ काढून झाल्यावर. भिजवायच्या पाण्यातच लिंबू पिळलं तर मीठ काही जास्त निघत नाही, उलट वरचं मांस आंबटाने घट्ट होतं. मीठ निघाल्यावर तुकडे निथळून, २०० ग्रॅमला एका लिंबाचा रस किंवा दोन चमचे दाट चिंचेचा कोळ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवावं आणि एकदा हलक्या हाताने धुवावं. अर्धा तास, तासभर ठेवण्यात काही फायदा नाही. हळद लावल्याने मासळीला रंग आणि स्वतःचा वास येतो, पण माशाचा वास निघून जात नाही. ज्यांना आवडते त्यांनी लावावी, तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दुसरा वास खवट चरबीचा. बांगड्यासारखे तेलकट मासे वाळवून ठेवले की त्यांची चरबी हवेने खवट होते. ओळखायची खूण रंगात आहे: पोटाच्या कडा, कातडीखालचा थर आणि डोक्याजवळचा भाग पिवळट किंवा गंजासारखा तांबूस होतो. ही चरबी पाण्यात विरघळत नाही. दहा वेळा पाणी बदला, वास राहतोच. लिंबानेही काही होत नाही. उपाय एकच, तो भाग कापून टाकणं. पोटाची कड, कल्ले, गरज पडली तर भिजल्यावर सुटी झालेली कातडीसुद्धा. थोडा मासा वाया जातो खरा, पण तीच पट्टी कढईत गेली तर सगळं कालवण खवट होतं. मांस आतपर्यंत पिवळं पडलं असेल तर कापण्यात अर्थ उरत नाही, तो मासा टाकून द्यावा.

सुकट, जवळा, सोडे: इथे पाणी शेवटी

कोळंबीच्या प्रकारांना मी कोरडीच साफ करते, पाणी सगळ्यात शेवटी. सुकट आधी ताटात पसरून निवडून घ्यायची. दगड, शंखाचे तुकडे, मध्येच आलेले दुसरे लहान मासे दिसतील ते काढायचे. मग जाड तव्यावर मंद आचेवर, तेल न घालता परतायची. वाटीभर सुकटीला पाच-सहा मिनिटं पुरतात. हाताला कुरकुरीत लागली, रंग किंचित गडद झाला की उतरवायची. ह्या भाजण्यात उडून जाणारा वास बराच उडतो, म्हणून त्या वेळी खिडकी उघडी असावी. आणि दुसरं महत्त्वाचं काम होतं: मिश्या, पाय आणि डोक्याची टोकं ठिसूळ होतात. निवल्यावर दोन्ही तळव्यांत हलकी चोळली की ती सुटतात, मग सुपात पाखडून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून काढता येतात. ओल्या सुकटीच्या मिश्या काढायला गेलात तर तास जातो आणि तरीही अर्ध्या राहतात.

आता धुणं. रेती राहण्याची तक्रार जवळजवळ नेहमी एका चुकीमुळे येते. लोक सुकट पाण्यात घालतात, ढवळतात आणि सगळं एकदम चाळणीवर ओततात. तळाशी बसलेली रेती पुन्हा सुकटीवर येऊन बसते. त्याऐवजी मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, सुकट सोडा, एकदा ढवळा, दहा सेकंद थांबा आणि वर तरंगणारी सुकट हाताने किंवा झाऱ्याने उचलून घ्या. पातेल्याच्या तळाला बोट फिरवून बघा. रेती लागली तर नवीन पाण्यात पुन्हा. तळ स्वच्छ लागेपर्यंत दोन किंवा तीन वेळा पुरतं. हे भराभर करायचं, सुकट पाण्यात भिजत ठेवायची नाही. जवळा तर इतका बारीक असतो की तो पाण्यात दोन मिनिटं राहिला तरी लगदा होऊ लागतो.

सोडे मात्र जाड असतात, त्यांना थोडं भिजवावं लागतं. धुऊन घेऊन ते बुडतील एवढ्याच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. मधोमध वाकवल्यावर तुटत नाहीत, लवतात, म्हणजे झालं. मग पाठीवर सुरीची हलकी रेघ मारून काळा धागा दिसला तर काढायचा, कोरड्या सोड्यात तो निघत नाही. मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेले सोडे असतील तर पहिलं पाणी फेकावं. मीठ नसेल तर ते पाणी गाळून कालवणात वापरावं, कारण गोडी त्यातच उतरलेली असते. गाळताना तळाचं शेवटचं चमचाभर पाणी पातेल्यातच सोडून द्यावं, रेती असली तर ती तिथेच असते.

हे भिजवून सुधारत नाही

काही मासळी भिजवायलाच घेऊ नये. खाऱ्या माशावर गुलाबी किंवा लालसर चिकट थर दिसला तर तो मिठातही जगणाऱ्या जंतूंचा असतो. धुऊन रंग जातो, पण मासा आतून बिघडायला लागलेला असतो. केसाळ, मऊ, हिरवी-काळी बुरशी असेल तर तेच. पांढऱ्या डागाबद्दल शंका असेल तर मघाची पाण्याची परीक्षा करा: मीठ विरघळतं, बुरशी विरघळत नाही. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास दोन पाण्यांनंतरही तसाच राहिला तर मासा टाकून द्यावा.

बांगडा, टुना यांसारख्या माशांबाबत एक धोका वासावरून कळतच नाही. मीठ लावण्याआधी मासा उन्हात, उष्णतेत फार वेळ पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. शिजवून ते जात नाही, आणि भिजवून मासा सुरक्षित झाला असंही म्हणता येत नाही. घास घेतल्यावर जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली किंवा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होऊन अंगाला खाज सुटली, तर ते मिठाचं किंवा मसाल्याचं काम नव्हे. खाणं थांबवावं, उरलेलं टाकावं आणि त्रास वाढला किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टर गाठावा. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना सुकट कितीही धुतली, भाजली तरी चालत नाही, भाजतानाच्या वाफेनेही त्रास होऊ शकतो. आणि ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी भिजवलेला खारा मासा बिनमिठाचा समजू नये. चवीला बेताचा लागणाऱ्या तुकड्यातही ताज्या माशापेक्षा पुष्कळ जास्त मीठ असतं.

कालवण आधीच खारट झालं असेल तर

भाचीचा चौथा फोन आला तो हा प्रश्न घेऊन. तिने पाणी नीट बदललं होतं, पण सवयीने रश्शात मीठ घातलं. "बटाटा टाकू का? तो मीठ शोषून घेतो म्हणतात." बटाटा मीठ वेचून घेत नाही. तो जेवढा रस्सा पितो तेवढंच त्यातलं मीठ त्याच्यात जातं, मागे राहिलेला रस्सा तितकाच खारट राहतो. बटाटा घातल्याने फायदा होतो तो इतकाच की बिनमिठाचा ऐवज वाढला आणि मीठ जास्त घासांत वाटलं गेलं. तेवढ्यासाठी घालायला हरकत नाही.

मी तिला सांगितलं की आधी तुकडे हलकेच बाहेर काढ, नाहीतर ढवळताना मोडतील. अर्धा रस्सा वेगळ्या भांड्यात काढून ठेव, उरलेल्यात तेवढंच गरम पाणी, बिनमिठाचा थोडा मसाला आणि बटाट्याच्या फोडी घाल. फोडी शिजल्या की चाख, मगच तुकडे परत सोड आणि दोन मिनिटांत गॅस बंद कर. काढून ठेवलेला रस्सा डब्यात भरून फ्रिजरमध्ये टाक. पुढच्या वेळी सोडे करशील तेव्हा मिठाऐवजी तोच घाल.